चाळीस वर्षांचा चष्मा

«ताई, फोटोचं रिटचिंग जास्त झालंय हे तुम्हाला बघताक्षणी कसं कळतं? आम्हाला आमचं काम करताना कायम बरोबरच वाटत असतं.»

करताना मलाही बरोबरच वाटतं. वीस वर्षं हेच काम करूनही वाटतं. फरक एवढाच, की त्या वाटण्यावर मी आता विश्वास ठेवत नाही. तो ज्या फोटोमुळे उडाला, त्याचीच गोष्ट सांगते.

कर्वे रोडवरच्या एका कार्यालयातलं लग्न. फोटो दुसऱ्याने काढलेले, माझ्याकडे फक्त रिटचिंगला आले होते. त्यात नवरीच्या आईचा एक क्लोजअप होता. वय पंचावन्नच्या पुढे, हिरवी पैठणी, डावीकडच्या खिडकीतून येणारा उजेड, चष्मा फोटोपुरता काढून हातात धरलेला. फोटो इतका चांगला होता की मी त्या एका चेहऱ्यावर दोन तास घालवले, आणि तिथेच चुकले.

तेव्हा मी फ्रिक्वेन्सी सेपरेशनच्या प्रेमात होते. यात फोटोचे दोन थर करतात. वरच्यात बारीक पोत राहतो, म्हणजे रंध्रं, लव, केसाएवढ्या रेषा. खालच्यात रंग आणि छाया राहतात. मी वरच्या थराला जवळजवळ हातच लावला नाही. खालच्या थरात मात्र डोळ्यांखालची सावली, नाकापासून ओठाच्या टोकाकडे उतरणारी घडी आणि हनुवटीच्या बाजूचे दोन लहान उंचवटे लॅसोने निवडले आणि एकेक करून ब्लर केले. 200 टक्क्यांवर पाहिलं तर प्रत्येक रंध्र जागच्या जागी. प्लास्टिकसारखी कातडी करणाऱ्यांना मी त्या काळात मनातल्या मनात नावं ठेवायचे, त्यामुळे स्वतःवर भलतीच खूश होते.

फोटो पाठवला. संध्याकाळी नवरीचा निरोप आला, "फोटो छान आलाय, पण ही आई नाहीये. मावशीसारखी दिसतेय."

तिने तो फोनवर पाहिला होता. फोनवर तो चेहरा अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा दिसत असेल. त्यात एकही रंध्र दिसणं शक्य नव्हतं. म्हणजे मी जे जिवापाड जपलं ते तिला दिसतच नव्हतं, आणि जे पुसलं ते मात्र लांबूनही दिसत होतं.

चेहऱ्याचा मोठा आकार आणि कातडीचा बारीक पोत यांच्यामध्ये आणखी एक थर असतो. त्यात डोळ्याखालचा खळगा येतो, गालाच्या वरच्या बाजूचा फुगवटा येतो, ओठाच्या टोकाजवळ हसून हसून तयार झालेली लहानशी गाठ येते. एकेक खूण साधारण बोटाच्या पेराएवढी. माणूस ओळखू येतो त्यात यांचा मोठा वाटा असतो. आपल्याला मात्र पडद्यावर ते 'डाग' वाटतात, कारण ते आजूबाजूपेक्षा गडद असतात. खरं तर तो रंग नसतोच. उंचवट्यावर पडलेल्या उजेडाची ती दुसरी बाजू असते. ती पुसली की उंचवटाच जातो, आणि वर रंध्रं असलेला सपाट गाल उरतो. म्हणून "मी टेक्स्चर ठेवलंय" हे कुणी सांगितलं की मी फोटो आधी लहान करून बघते.

हे सगळं मला दोन तासांत का दिसलं नाही? डोळा आळशी होता म्हणून नाही. डोळा बघितलेल्या गोष्टीशी जुळवून घेतो. मायकेल वेबस्टर आणि ऑटो मॅक्लिन यांनी 1999 मध्ये माणसांना ताणलेले किंवा दाबलेले चेहरे काही वेळ दाखवले. त्यानंतर त्यांना साधे चेहरेच उलट्या दिशेने बिघडल्यासारखे दिसू लागले. एक चेहरा घेऊन तासभर बसलं की आपलंही असंच होत असणार. प्रत्येक पुसलेल्या सावलीनंतर 'साधा चेहरा' नावाचं माप थोडं सरकतं, आणि मूळ फोटो पुन्हा उघडला की तोच थकलेला, खराब वाटतो. 'आधी-नंतर'चं बटण दाबून समाधान मिळतं ते यामुळेच. मोजपट्टीच ताणलेली असते.

तेव्हा माप काम सुरू होण्याआधी घ्यायला हवं. मी आता फाइल उघडते आणि पंधरा मिनिटं माऊसला हात लावत नाही. फोटो रॉ हवा, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः गुळगुळीत न केलेला, एकही स्लायडर न हलवलेला. सरावासाठी फोनमधले सेल्फी घेऊ नका, कारण बरेच फोन गाल गुळगुळीत करूनच फोटो हातात देतात. ते बघून शिकाल तर 'कोरा' चेहरा म्हणजे काय हेच चुकीचं शिकाल. कॅमेऱ्याचा, जास्त आयएसओवर काढलेला जेपेगही नको. नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, घालवताना तो पोतही खातो.

आधी पूर्ण चेहरा पडद्यावर लहान ठेवायचा. कागदावर एक लंबगोल काढायचा आणि उजेड कुठून येतोय ते लिहायचं. मग प्रत्येक गडद जागेला एकच प्रश्न विचारायचा, ही सावली आहे की रंग? सावली उजेडाच्या दिशेशी जुळते आणि तिला लागून कुठेतरी एक उजळ कड असते. रंग कसाही, कुठेही पडतो. हे दोन्ही वेगवेगळ्या पेनने कागदावर काढायचं. चित्रकला येत नसली तरी चालतं. माझा कागद बघून माझ्या भाच्याने एकदा विचारलं होतं, "मावशी, हा बटाटा का?"

मग 100 टक्क्यांवर जायचं आणि पोत कुठे बदलतो ते बघायचं. नाकावर रंध्रं मोठी आणि गोल दिसतात, गालावर वयाप्रमाणे ती लांबट होत जातात, डोळ्याखाली जवळजवळ दिसतच नाहीत. तिथे पातळ कातडीवर बारीक जाळी असते. गालावरचा तुकडा क्लोन करून डोळ्याखाली लावला की काहीतरी खटकतं आणि काय ते सांगता येत नाही, त्याचं कारण हे. रंगाचंही तसंच. आपल्याकडे कपाळ, ओठांभोवतीची आणि डोळ्यांभोवतीची कातडी गालापेक्षा सावळी असणं अगदी नेहमीचं आहे. परदेशी ट्युटोरियल बघून 'स्किन टोन एकसारखा' केला की हे सगळं गालाच्या रंगाचं होतं, आणि मानेवर एक अनोळखी डोकं बसवल्यासारखं दिसतं. गोरं करून मागणारे वेगळे, त्यांच्याशी मी वाद घालते.

शेवटी तात्पुरतं काय ते लिहायचं. पुटकुळी, काजळाचा ओघळ, मुंडावळ्यांच्या दोरीचा कपाळावरचा वळ, केसांच्या कडेला अडकलेली हळद. पंधरा दिवसांत जे आपोआप जाणार ते मी निर्धास्त काढते. तीळ, व्रण, घड्या राहतात.

त्या आईच्या चेहऱ्यावर मात्र हा नियमही अपुरा पडला. मुलीच्या निरोपानंतर मी दोन दिवस फाइल उघडलीच नाही. तिसऱ्या दिवशी मूळ रॉ घेऊन कागद-पेन घेऊन बसले. नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याचे दोन खड्डे होते. चष्मा काढल्यावर असे वळ विरतात, म्हणून पहिल्या खेपेला मी ते पहिल्या मिनिटातच हीलिंग ब्रशने भरले होते. मुलीला फोन करून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आईला शाळेपासून चष्मा आहे. ती तो काढते तेव्हा आम्हाला आधी तेच दिसतात." चाळीस वर्षांत ते खड्डे नाकाचाच भाग झाले होते.

दुसऱ्या खेपेला मी थर वेगळे केलेच नाहीत. तात्पुरतं काय ते काढलं, मग डॉज अँड बर्नने, म्हणजे जागोजागी उजळ-गडद करायच्या ब्रशने, डोळ्याखालची सावली साधारण एक तृतीयांश हलकी केली. पुसली नाही. घडी तशीच ठेवली, फक्त तिच्या तळाचा सगळ्यात काळा भाग किंचित उचलला. खड्डे ठेवले. वेळ लागला पंचवीस मिनिटं.

किती हलकं म्हणजे पुरे, हे ठरवायला मी एक गंमत करते. दुरुस्तीच्या लेअरची ओपॅसिटी, म्हणजे ती दुरुस्ती किती दिसावी त्याचा टक्का, शून्यावर नेते आणि हळूहळू वाढवते. चेहरा बरा वाटला की थांबते आणि आकडा लिहिते. मग 100 वरून खाली येते, बरा वाटला की पुन्हा आकडा लिहिते. दोन्ही आकडे सारखे यायला हवेत, पण येत नाहीत. वरून येताना आकडा जास्तच निघतो. त्या फोटोत खालून 35 आला होता आणि वरून 60. डोळा किती सरकलाय हे त्या फरकावरून कळतं. फरक मोठा असला की मी उठते, चहा करते, गॅलरीत उभी राहते आणि परत येऊन खालचाच आकडा घेते.

लक्ष्मी रोडच्या एका जुन्या स्टुडिओत निगेटिव्हवर टचिंग करणारे एक काका मला सुरुवातीला भेटले होते. पेन्सिलने सुरकुती भरायची. निगेटिव्हवर ती जागा गडद झाली की प्रिंटमध्ये तेवढी उजळ येते. फार घासलं तर पेन्सिल धरेनाशी व्हायची, म्हणून हात आपोआप आखडता राहायचा. आणि गिऱ्हाईक फोटो न्यायला स्वतः समोर येऊन उभं राहायचं. काका फोटो पुढे सरकवताना एकदा त्याच्या चेहऱ्याकडे बघून घ्यायचे. माझं गिऱ्हाईक समोर येत नाही, म्हणून त्याच्याऐवजी मी बटाट्याचा कागद समोर ठेवते.

कोरे चेहरे आणखी कुठे बघायचे, असंही काहीजण विचारतात. सकाळी स्वारगेटहून निघालेल्या बसमध्ये खिडकीचा उजेड आडवा येतो तेव्हा प्रत्येक गालावर हा मधला थर स्पष्ट उठून दिसतो. पण पुण्यात अनोळखी माणसाच्या गालाकडे तीन सेकंदांपेक्षा जास्त बघितलं तर "काही हरवलंय का?" असं ऐकून घ्यावं लागतं. त्यापेक्षा घरचे बरे. खिडकीशी भाजी निवडत बसलेल्या माणसाला तुम्ही दहा मिनिटं बघत असल्याचं कळतही नाही.

दुसरा फोटो पाठवल्यावर मुलीने फक्त अंगठा दाखवला. अल्बमला मात्र तोच गेला. आईने नंतर कळवलं, की चष्मा घालूनच काढला असता तर बरं झालं असतं.