ताळा जुळला, पण पंधरा लाख खरे नव्हते

उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपचे हिशेब माझ्याकडे असतात. बँकेला कर्जासाठी कॅश फ्लो हवा होता, म्हणून मालक, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, सकाळीच कागद घेऊन आले. "नफा चौदा लाख म्हणता, मग बँकेत तीनच लाख कसे ओ?"

माझ्या मदतनीस मुलानं तक्ता करून ठेवला होता. करोत्तर नफा 14 लाख, त्यात घसारा 6 परत मिळवला, कारण घसाऱ्याला रोकड जात नाही. येणी 32 वरून 50 झाली, म्हणून 18 वजा. साठा 20 वरून 27, म्हणून 7 वजा. देणी 15 वरून 35, म्हणून 20 अधिक. धंद्यातून आलेली रोकड 15 लाख. मशीनला 22 गेले, भागीदारांनी 5 उचलले. एकूण 12 लाखांची घट, आणि ताळेबंदातली रोकडही 15 वरून 3 झालेली. ताळा चोख.

तरी ते 20 मला खटकत होते. कच्च्या मालाची खरेदी जवळपास गेल्या वर्षाइतकीच होती, मग देणी दुपटीहून वर कशी जातील?

मशीनचा हिशेब ताळेबंदातून उलटा काढला. सुरुवातीला स्थिर मालमत्ता 40, घसारा 6, शेवटी 56, म्हणजे खरेदी 22 बरोबर. पण पासबुकात राजकोटच्या मशीनवाल्याला गेलेले फक्त 8 दिसले. टॅलीत `Sundry Creditors` उघडलं, तर मालवाल्यांच्या रांगेत त्याच्या नावावर 14 लाख बाकी होते.

ही बाकी मालाची नाही, मशीनची. ती बाजूला काढली की देणी वाढली फक्त 6 लाखांनी. धंद्यातली रोकड 15 नव्हे, 1 लाख! आणि मशीनपोटी प्रत्यक्ष गेले 22 नव्हे, 8. शेवटची घट पुन्हा 12 लाखच. एका डब्यातून 14 काढून दुसऱ्यात टाकले, तर बेरीज हलत नाही. म्हणून रोकड जुळली एवढ्यावर असली चूक सापडत नाही. प्रत्येक ओळ तिच्या खात्यापर्यंत नेऊन बघावी लागते. मी तरी आता भांडवली खरेदीची देणी वेगळ्या गटातच ठेवायला लावते.

अण्णांना दोन्ही तक्ते शेजारी ठेवून दाखवले. बराच वेळ ते त्या 1 वर बोट ठेवून बसले.

"पहिलाच कागद बँकेला दिला तर?"

"नाही अण्णा, खरा हाच. आणि ते चौदा लाख पुढच्या वर्षी द्यायचेच आहेत, हातात तीन आहेत."

त्यांनी चष्मा पुसला. "येणी अठरा लाखांनी वाढली म्हणालात नव्हं? ती यादी काढा की."

यादी निघाली. वाढीतले अकरा लाख एकाच गिऱ्हाइकाकडे अडकले होते. अण्णांनी तिथंच बसून फोन लावला.