हीटर ब्लॉकचे एआरएक्स मॉडेल: एक सेकंदाचे नमुने आणि खोटा टाइम कॉन्स्टंट

ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात बसवलेला हीटर आणि त्याच्या शेजारचा थर्मिस्टर यांची नोंद आता हाती आली आहे. हीटरचा पीडब्ल्यूएम 30 आणि 50 टक्क्यांमध्ये यादृच्छिकपणे, पण 30 सेकंदांच्या पटीतच बदलत ठेवला आणि तापमान दर सेकंदाला नोंदवले. दोन्ही मालिकांमधून सरासरी वजा केल्यावर तापमानाला y आणि पीडब्ल्यूएमला u म्हणून पुढील साधे एआरएक्स मॉडेल न्यूनतम वर्ग पद्धतीने बसवले:

y(k) = a·y(k−1) + b·u(k−1) + e(k)

```python
Phi = np.column_stack([y[:-1], u[:-1]])
a, b = np.linalg.lstsq(Phi, y[1:], rcond=None)[0]
```

उत्तर a = 0.975 आले. दोन नमुन्यांमधले अंतर T = 1 सेकंद धरून टाइम कॉन्स्टंट −T/ln(a) या सूत्राने काढला, तर तो सुमारे 40 सेकंद भरतो. मात्र स्टेप चाचणीत तापमानाला अंतिम बदलाच्या 63 टक्क्यांपर्यंत पोहोचायला 120 सेकंद लागतात, म्हणजे a खरे तर 0.992 च्या आसपास असायला हवे. एका पावलापुढचे भाकीत मात्र मोजमापाला जवळजवळ चिकटून जाते. त्यावर विसंबू नये, कारण ठोकळा इतका संथ आहे की "पुढचे तापमान आत्ताइतकेच" असे म्हणणारे मॉडेलही तिथे उत्तम ठरेल. खरी परीक्षा सिम्युलेशनची: मॉडेलला फक्त u द्यावे आणि y त्याचे त्यालाच काढू द्यावे. तसे केले की मॉडेलचे तापमान प्रत्येक बदलानंतर मोजमापाच्या कितीतरी आधी सपाट होते.

कारण असे की थर्मिस्टरच्या वाचनातला सुमारे 0.2 अंशाचा नॉइज केवळ डाव्या बाजूच्या y(k) मध्ये नसतो, तो Phi मधल्या y(k−1) मध्येही शिरतो. तापमानाचे प्रमाण विचलन 1.5 अंश धरले, तर दोन्ही प्रसरणांचे गुणोत्तर 0.04/2.25, म्हणजे जेमतेम 1.8 टक्के येते आणि a साधारण तेवढ्याच टक्क्याने शून्याकडे ओढला जातो. एरवी ही चूक किरकोळ वाटली असती. पण a एकच्या इतका जवळ असताना 1−a हीच कामाची राशी असते, आणि ती इथे तिप्पट होते. नोंद कितीही लांबवली तरी ही ओढ कमी होत नाही.

म्हणून दर दहा नमुन्यांची सरासरी घेऊन T = 10 सेकंद केला. त्यामुळे नॉइजचे प्रसरण दहापट घटले आणि a ही एकपासून दूर सरकला. सरासरीच्या खिडकीत त्याच खिडकीतल्या u चाही परिणाम येत असल्याने u(k) आणि u(k−1) ही दोन्ही पदे ठेवावी लागली. आता a = 0.918, टाइम कॉन्स्टंट 117 सेकंद, आणि सिम्युलेशन मोजमापाबरोबर चालते. सरासरी न घेता नुसता दर दहावा नमुना उचलला, तर टाइम कॉन्स्टंट 99 सेकंदांवरच अडकतो.