कुयरी कितीही फिरवली तरी जुळेना

डिचोली तालुक्यातल्या आमच्या मराठी प्राथमिक शाळेत चौथीला कला आणि गणिताचे दोन तास जोडून घ्यायचे, असं मी ठरवलं होतं. विषय होता आकृतिबंध. असे तास फसतात ते एकाच ठिकाणी: मुलं रंगवण्यात रमतात, फळ्यावर 'गणित + चित्रकला' लिहिलेलं राहतं आणि तास संपल्यावर मूल गणितातलं नवीन काय शिकलं हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून रंगपेटी उघडण्याआधीच मी फळ्यावर मुलांच्या भाषेत तीन वाक्यं लिहिली. नक्षीत पुन्हा पुन्हा येणारा तुकडा मी बोट ठेवून दाखवीन. तिसावी लादी न काढताच ती कशी असेल ते सांगेन. आणि माझ्या नक्षीत रंगवलेला भाग जसा आकार देतो, तसाच सोडलेला पांढरा भागही देईल.

तिसरं वाक्य कलेचं, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. नाहीतर कला म्हणजे गणिताच्या गोळीवरची साखर होऊन बसते. इथल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी आहे. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या रंगाचा थर देतात आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करतात. तिथे पांढरा म्हणजे उरलेली जागा नसते, चित्रच असतं. मी मुलांना तसे फोटो दाखवले आणि एवढंच विचारलं, "यात तांबडं काय काय दिसतं? आणि पांढरं?" दुसऱ्या प्रश्नावर वर्ग एकदम गप्प झाला आणि मग सगळेच एकदम बोलू लागले.

मग लाद्या. लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे सहा सेंटिमीटरचे चौरस मी आधीच कापून ठेवले होते. प्रत्येकाने एक कर्ण आखायचा आणि एका बाजूचा त्रिकोण तांबडा करायचा. सेबास्तियाँ त्रुशे नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने 1704 साली नेमक्या अशाच दुरंगी लादीच्या मांडण्यांवर निबंध लिहिला होता. मुलांना मी हे सांगितलं नाही, पण लादी त्याचीच. नियम एकच: पुढची लादी आधीच्या लादीपेक्षा उजवीकडे पाव वळण घेतलेली असेल. तांबडा कोपरा पहिल्या लादीत वर डावीकडे, दुसरीत वर उजवीकडे, तिसरीत खाली उजवीकडे, चौथीत खाली डावीकडे. पाचवी पुन्हा पहिल्यासारखी. म्हणजे तुकडा चार लाद्यांचा.

तिसाव्या लादीसाठी काहींनी बोटं मोजत तीसपर्यंत मजल मारली. मी मोजू दिलं. मग एकीने सांगितलं, "चार सत्ते अठ्ठावीस, दोन उरल्या, म्हणजे दुसरीसारखी." बरोबर. लगेच मी बत्तिसावी विचारली, कारण खरी मेख तिथे असते. बाकी शून्य आली की काही मुलं म्हणतात पहिली, काही म्हणतात कुठलीच नाही. यावर नियम सांगण्यात अर्थ नसतो. चौथी, आठवी, बारावी लादी दाखवायला सांगितलं. तिन्हींत तांबडं खाली डावीकडेच. शून्य उरलं म्हणजे तुकडा पुरा झाला, म्हणून शेवटची लादी, हे मुलांनीच म्हटलं.

इथे मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "टीचर, वळवायला कशाला हवं? आरशात दिसते तशी उलटवली तरी तीच येते." वर्गाला पटलं नाही. मी म्हटलं, करून दाखव. त्याने बटर पेपरवर लादी उतरवली, डावी-उजवी उलटवली: तांबडं वर डावीकडून वर उजवीकडे. वर-खाली उलटवली: खाली उजवीकडे. पुन्हा डावी-उजवी: खाली डावीकडे. पाव वळणांनी बनलेली हुबेहूब तीच पट्टी. तो शंभर टक्के बरोबर होता, निदान या लादीपुरता तरी. मी फळ्याच्या कोपऱ्यात त्याचं वाक्य लिहून ठेवलं, 'वळवणं आणि उलटवणं सारखंच', आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

दुसऱ्या तासाला कुयरी. प्रत्येक गटाला पुठ्ठ्यातून कापलेला कुयरीचा साचा दिला. तो लादीवर ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची, नियम तोच, पाव वळणाचा. साच्याच्या वरच्या बाजूला खूण केली की मूल तो पालथा ठेवत नाही. मी मुद्दाम खूण केली नव्हती. खिडकीजवळच्या गटाची पट्टी पाच लाद्यांपर्यंत सुरेख चालली आणि सहाव्या लादीवर मुलं अडकली. एक मुलगी ती लादी हातात घेऊन चारी दिशांना लावून बघत होती. शेवटी वैतागून म्हणाली, "टीचर, कितलेंय घुंवडायलें तरी जायना!"

साचा पालथा पडला होता. बाकीच्या कुयऱ्यांची चोच उजवीकडे वळलेली, हिची डावीकडे. मी काही न बोलता बटर पेपर पुढे केला. तिने पहिली कुयरी उतरवली आणि कागद न उचलता सहाव्या लादीवर फिरवत राहिली. कुठेच बसेना. कागद उचलून पालथा घातला, आणि बसली. वर्गात ही तपासणी नंतर सगळ्यांनी वापरली: न उचलता बसली तर वळवलेली, पालथी घालावी लागली तर उलटवलेली.

मग सगळ्यांचं लक्ष फळ्याच्या त्या कोपऱ्याकडे गेलं. त्रिकोणाला चालतं आणि कुयरीला का नाही? त्या मुलाला आपलं वाक्य सोडायचं नव्हतं. त्याने दोन्ही लाद्या घेतल्या, आधी त्रिकोणाची घडी घातली. आम्ही आखला त्या कर्णावर नाही, दुसऱ्या कर्णावर. तांबड्यावर तांबडं, पांढऱ्यावर पांढरं तंतोतंत बसलं. कुयरीच्या त्याने शक्य तेवढ्या घड्या घातल्या, एकही जुळली नाही. "जिची घडी जुळते, ती उलटवली तर कळतच नाही," तो म्हणाला. सममितीचा धडा आम्हाला पुढच्या महिन्यात होता. मी फळ्यावरचं त्याचं वाक्य न पुसता पुढे जोडलं: 'जर लादीची घडी जुळत असेल तर.'

कलेच्या तिसऱ्या वाक्याचं काय झालं? पट्टीत पांढरा भाग कुणाला फारसा दिसला नाही. पण चार कुयऱ्यांच्या चोची मध्याकडे करून दोन-दोनच्या दोन ओळी मांडल्या, तेव्हा मधोमध फिरत्या चक्रासारखा पांढरा आकार उमटला. तो जाडसर दिसावा म्हणून दोन गटांनी कुयऱ्या बारीक केल्या, एका गटाने मागची जमीन तांबडी करून कुयरीच पांढरी सोडली. बाकीच्यांनी सगळं भरून टाकलं. त्या वाक्यावर अजून बराच वेळ द्यावा लागेल.

रंगकामात अजून एक गोष्ट निघाली. एका गटाला वळणाच्या नियमावर समाधान नव्हतं. त्यांनी तांबडा, पिवळा, हिरवा असे तीन रंगही ओळीने फिरवले. पाचवी लादी वळणाने पहिलीसारखी झाली, पण रंग पिवळा. "आता तुकडा केवढा?" मी विचारलं. एक म्हणाला चार, दुसरा म्हणाला तीन, आणि दोघे भांडत मांडत गेले. तेरावी लादी वळण आणि रंग दोन्हींत पहिलीसारखी निघाली. तुकडा बाराचा. मग त्यांनी स्वतःहून तिसावी काढली: वळण दुसऱ्या लादीचं, रंग हिरवा. घंटा झाल्यावरही ते चार वळणांना पाच रंग दिले तर काय होईल यावर वाद घालत डब्यांकडे गेले.