वही, टेबल अन् हायलायटर : कोणता रंग कामाचा, माझा अनुभव

मी यवतमाळकडल्या एका खेड्यातला, तलाठी भरतीचा अभ्यास करतो. आमच्या अभ्यासिकेत पांढऱ्या चकचकीत सनमायकाचे टेबल अन् डोक्यावर एलईडी ट्यूब, अंधार पडला की डोळे चुरचुरायचे, कपाळ दुखायचं. आई म्हणे "मोबाईल कमी पाय ना बापा", पण त्या वेळी मोबाईल तर पिशवीत असे.

मग वहीच्या जागी एक छोटा आरसा ठेवून बसल्या जागेवरून पाहिलं तर त्यात ट्यूब दिसली, म्हणजे चमक टेबलावरून सरळ डोळ्यात येत होती. टेबल असं फिरवलं की ट्यूब डाव्या अंगाला आली, मी उजव्या हातानं लिहितो त्यामुळं हाताची सावलीही पडत नाही. वर पुस्तकाला घालतो तो खाकी कागद चिकटवला, गुळगुळीत बाजू खाली ठेवून. खाकीत काही जादू नाही, तो चमकत नाही अन् वहीपेक्षा थोडाच गडद आहे एवढंच. काळा लावला तर वही लख्ख अन् बाजूला अंधार, नजर सारखी जुळवत बसावी लागते.

वही घेताना पातळ पानाची घेऊ नका, मागचं अक्षर पुढं दिसतं अन् वाचताना डोळे ताणले जातात. 70 जीएसएमच्या वरची घ्या. क्रीम पानावर चमक जरा कमी वाटते, पण त्यानं पाठ जास्त होतं असं काही नाही.

पाठ होण्याचं काम हायलायटर करतो, तेही कंजुषी केली तरच. आजूबाजूच्यापेक्षा वेगळी दिसणारी गोष्ट जास्त लक्षात राहते, हे हेडविग फॉन रेस्टॉर्फ नावाच्या बाईनं 1933 मध्येच दाखवलंय. सगळंच पिवळं केलं तर वेगळं काय राहिलं? आमच्यातल्या एकाच्या नोट्स पाहा, सरसोचं शेत. मी मूलभूत हक्कांच्या पानावर कलम 14 ते 32 निळ्या पेननं लिहिले, पिवळा फक्त 32 ला, कारण हक्क मोडला तर सुप्रीम कोर्टात जायचा रस्ता तोच. गुलाबी 20 अन् 21 ला, आणीबाणीतही हे दोन थांबवता येत नाहीत. पिवळा म्हणजे मुख्य मुद्दा, गुलाबी म्हणजे अपवाद, हे सगळ्या विषयांत सारखंच ठेवलं. निळा किंवा जांभळा हायलायटर मात्र निळ्या शाईवर मारू नका, अक्षर त्यातच बुडतं. जेलपेनचं अक्षर वाळायच्या आत मारलं तर फासतं ते वेगळंच.

घरी जुना पिवळा बल्ब असेल तर पिवळा हायलायटर दिसतच नाही म्हटलं तरी चालेल, पानच पिवळं होते. तिथं गुलाबी वापरा. अन् रंगवून झालं की वही बंद करून कोऱ्या कागदावर लिहून काढायचं, 20 अन् 21 आठवले नाही तर रंग वाया गेला समजा.

एवढं करूनही डोकं दुखत असेल तर नंबर तपासून घ्या, माझ्या बहिणीला शेवटी चष्माच लागला.