मिश्रणाची नोंदवही : फुलीतून आलेलं गुणोत्तर कशाचं?

दूध-पाण्याची साधी गणितं आता बाजूला ठेवलीत. या आठवड्यात नफा आणि वेगाची गणितं घेतली. दोन दर आणि त्यांची सरासरी यांच्या तिरकस वजाबाकीने मिश्रणाचं प्रमाण काढायची फुली इथेही चालते, पण उत्तर हातात आलं तरी ते कशाचं हे ठरवावं लागतं.

गणित असं घेतलं : व्यापाऱ्याने ४० रुपये आणि ५० रुपये किलोचा तांदूळ घेतला. पहिल्यावर १०% नफा, दुसऱ्यावर २५%, एकूण नफा २०%. तर दोन्ही तांदूळ किती किलोच्या प्रमाणात होते?

फुली मांडली. वर १० आणि २५, मध्ये २०. तिरकस वजाबाकी : २५ − २० = ५, २० − १० = १०. गुणोत्तर १:२. पर्यायांत १:२ असणारच, आणि घाईत हात तिकडेच जातो. पण नफ्याचा टक्का हा खरेदी किमतीवर असतो, किलोवर नाही. म्हणून १:२ हे खरेदीच्या रकमांचं गुणोत्तर. पहिल्यात २०० रुपये घातले तर दुसऱ्यात ४००. म्हणजे ५ किलो आणि ८ किलो. उत्तर ५:८.

पडताळा : नफा २० + १०० = १२०, खरेदी ६००. बरोबर २०%.

बीजगणिताने केलं तर ही शंकाच येत नाही. क्ष आणि य किलो धरले की

४०क्ष × ०.१० + ५०य × ०.२५ = ०.२०(४०क्ष + ५०य)

४क्ष + १२.५य = ८क्ष + १०य, म्हणून २.५य = ४क्ष. पुन्हा ५:८. समीकरणात किलो आपणच लिहिलेले असतात. फुलीत ते लिहिलेलेच नसतात, ती फक्त टक्के बघते.

मग वेगाचं गणित. २४० किमी प्रवास ६ तासांत, काही ताशी ३० ने, उरलेला ताशी ६० ने. सरासरी ४०. फुली २०:१०, म्हणजे २:१. वेग ‘दर तासाला’ असतो, म्हणून हे तासांचं गुणोत्तर : ४ तास आणि २ तास. अंतरं मात्र १२० आणि १२०, अगदी समान! किलोमीटरच २:१ मध्ये वाटले, तर १६० किमीला ५ तास २० मिनिटं आणि ८० किमीला १ तास २० मिनिटं, एकूण ६ तास ४० मिनिटं. दिलेल्या ६ तासांशी जुळत नाही, तिथेच चूक कळते.

माझी सध्याची सवय : फुली काढण्याआधी कोपऱ्यात ‘दर कशावर?’ लिहायचं. दोन सेकंद जातात, पण जातात ते बरं. तीन प्रकारचा माल आला की मी फुली सोडून थेट समीकरण घेतो, कारण सरासरी एकच दिली असेल तर तिघांचं गुणोत्तर एकमेव निघत नाही. प्रश्नात आणखी एखादी अट शोधावी लागते.

पुढे ‘काढलं आणि तेवढंच पाणी घातलं’ हा प्रकार. तो पुन्हा पुन्हा केला असेल तर एका फुलीत बसत नाही.