ग्रंथालये व ग्रंथालये

अहवाल द्यायच्या आदल्या दिवशी सकाळी सहावे पान वाचत असताना हे वाक्य समोर आले: ‘तालुक्यातील ग्रंथालये व ग्रंथालये यांची संख्या स्वतंत्रपणे नोंदवलेली आहे.’ आधी वाटले, टंकताना शब्द दोनदा पडला असेल. मागची पाने चाळली तेव्हा कळले की चूक एका वाक्यापुरती नाही. निष्कर्षाच्या एका अख्ख्या भागाचा अर्थच सरकला होता.

अहवालाचा विषय होता बडोदा संस्थानातील ग्रंथालय चळवळ. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. पुढे १९१० मध्ये विल्यम बोर्डन हे अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आले आणि गावोगावच्या ग्रंथालयांची व्यवस्था उभी राहू लागली. आम्ही पाच जण लिहीत होतो, आणि सगळे भाग एकत्र जुळवण्याचे काम माझ्याकडे होते. एकूण मर्यादा ८,००० शब्दांची. प्रास्ताविक ८००, पूर्वसंशोधनाचा आढावा १,८००, पद्धत ९००, निष्कर्ष २,६००, चर्चा १,४०० आणि समारोप ५००, अशी वाटणी महिनाभर आधी केली होती. निष्कर्ष मोठे म्हणून दोघांत विभागले.

चुकीचे मूळ या विभागणीत होते. निष्कर्षांचे दोन तुकडे आम्ही प्रश्नांप्रमाणे केले नाहीत, साधनांप्रमाणे केले. एकीने संस्थानचे इंग्रजी वार्षिक प्रशासन अहवाल घेतले, तर दुसऱ्याने एका तालुक्याचे गुजराती कागद. वाटणीच्या वेळी हेच सोयीचे वाटते, कारण ज्याला जी भाषा वाचता येते त्याने ती घ्यावी. पण मग दोघेही एकाच गोष्टीबद्दल लिहितात आणि आपापल्या साधनातली भाषा नकळत उचलतात. दोन्ही साधने एकाच वेळी कुणाच्याच टेबलावर नसतात, त्यामुळे ती एकमेकांशी ताडून पाहणे कुणाच्याच वाट्याला येत नाही.

प्रशासन अहवालांत ‘लायब्ररी’ आणि ‘रीडिंग रूम’ यांची मोजणी वेगळी येते. पहिला भाग लिहिणाऱ्या ताई बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेल्या, घरी मराठी. त्यांच्या तोंडी पुस्तके घरी न्यायला मिळतात त्या जागेला ‘वाचनालय’ हाच शब्द, जसा तो महाराष्ट्रातही आहे. म्हणून त्यांनी लायब्ररीला वाचनालय म्हटले आणि रीडिंग रूमला वाचनकक्ष. दुसरा भाग लिहिणाऱ्या सहकाऱ्यासमोर गुजराती कागद होते. त्यांत लायब्ररीला ‘पुस्तकालय’, आणि जिथे बसून वर्तमानपत्रे-मासिके वाचायची त्या जागेला ‘वाचनालय’. त्याने पुस्तकालयाचे ‘ग्रंथालय’ केले आणि वाचनालय हा शब्द तसाच ठेवला. थोडक्यात, तोच शब्द पान चारवर पुस्तके देणाऱ्या जागेसाठी आणि पान सहावर वर्तमानपत्रांच्या खोलीसाठी होता.

भाषा एकसारखी दिसावी म्हणून आदल्या संध्याकाळी आमच्यापैकी एकाने सगळीकडे ‘वाचनालय’ बदलून ‘ग्रंथालय’ केले. ६१ जागी बदल झाला, आणि तो इतका सफाईदार की कुणाच्या नजरेला खटकला नाही. दोन्ही शब्द नपुंसकलिंगी, दोन्हींचा शेवट सारखा. वाचनालयाचे, वाचनालयांत, वाचनालयांना या सगळ्यांचे बिनबोभाट ग्रंथालयाचे, ग्रंथालयांत, ग्रंथालयांना झाले. लिंग वेगळे असते तर एखादे ‘मोठी ग्रंथालय’ डोळ्यांत घुसले असते. इथे फक्त ‘ग्रंथालये व ग्रंथालये’ या एका वाक्याने चूक उघडी पाडली. पहिल्या भागातला बदल बरोबर ठरला होता, पण दुसऱ्या भागात वर्तमानपत्रांच्या खोल्या ग्रंथालयांत मोजल्या गेल्या. चर्चेचा भाग लिहिणाऱ्याने तालुक्याची संस्थानाशी तुलना त्याच आकड्यांवर केली होती.

“मग आधीची प्रत काढू आणि पुन्हा बदलू,” असे आमच्यापैकी एक जण म्हणाला. पुन्हा एकगठ्ठा बदलून काही साधणार नव्हते, कारण कोणते वाचनालय कोणत्या अर्थाचे हे शब्दावरून कळत नाही. आधीची प्रत उघडून ६१ जागा एकेक पाहिल्या. प्रत्येक जागेसमोर मूळ साधनातला शब्द लिहिला आणि त्यावरून ठरवले. तीन स्तंभांचा साधा तक्ता केला: साधनातला शब्द, अहवालातला शब्द, आणि त्यात काय मोजले जाते. लायब्ररी आणि पुस्तकालय यांच्यासाठी ग्रंथालय. रीडिंग रूम आणि गुजरातीतले वाचनालय यांच्यासाठी वाचनकक्ष. पेट्यांतून गावोगाव जाणाऱ्या पुस्तकांसाठी फिरते ग्रंथालय, आणि हे वरच्या दोन्हींत मोजायचे नाही. ‘वाचनालय’ हा शब्द आमच्या गद्यात कुठेच राहू दिला नाही. तो राहिला फक्त अवतरणांत आणि पुस्तकांच्या नावांत, कारण तिथे हात लावायचा आपल्याला अधिकार नाही. हा तक्ता लिहायला बसण्यापूर्वी व्हायला हवा होता, आणि शब्द ठरवण्याचे काम एका माणसाकडे असायला हवे होते.

एक बारीक गोष्ट या मोजणीत सापडली. शोधात ६१ जागा आल्या, पण प्रत्यक्ष वाचताना आणखी दोन दिसल्या. दुसरा भाग लिहिणाऱ्या सहकाऱ्याच्या कळफलकावरून शब्दामध्ये एक अदृश्य जोडचिन्ह पडले होते. डोळ्यांना शब्द तोच, संगणकाला वेगळा. ‘गावकऱ्यांनी’सारख्या शब्दांत तर हे नेहमी होते. त्यातला चंद्रकोरीसारखा र दोन प्रकारे टंकता येतो आणि कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून मराठी मजकुरात शोधाने दिलेल्या संख्येवर विसंबून काम संपले असे समजू नये. महत्त्वाच्या शब्दांसाठी भाग डोळ्यांनी वाचावाच लागतो.

संदर्भांतही हाच प्रकार दुसऱ्या रूपात होता. सगळे जण संदर्भ सांभाळणारे झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरत होते आणि त्यात गटाचा सामाईक संग्रहही होता. पण दोघांनी काही उल्लेख आपल्या वैयक्तिक ‘My Library’ मधून घातले. न्यूटन मोहन दत्त यांचे १९२८ चे एकच पुस्तक, पण मजकुरात ते एकीकडे १९२८a आणि दुसरीकडे १९२८b असे दिसत होते. वर्षाला अशी अक्षरे चिकटली आणि त्या लेखकाचे त्या वर्षी एकच पुस्तक असल्याचे आपल्याला माहीत असले, तर समजावे की एकच नोंद दोनदा आली आहे. एकाच संग्रहातल्या दोन नोंदी ‘Merge Items’ने जोडता येतात. दुसऱ्याच्या वैयक्तिक संग्रहातली नोंद मात्र जोडता येत नाही. तिची माहिती दस्तऐवजातच गोठलेली असते आणि सामाईक नोंद कितीही सुधारली तरी ती बदलत नाही. तो उल्लेख काढून सामाईक संग्रहातून पुन्हा घालायचा, हाच उपाय. असे १४ उल्लेख निघाले आणि त्यांना जेमतेम पाऊण तास लागला.

प्रशासन अहवालांचा लेखक म्हणजे संस्थान, व्यक्ती नव्हे. तो दोन रकान्यांत भरला गेल्याने यादीत ‘State, B.’ असा एक लेखक उगवला होता. संस्थेचे नाव लेखकाच्या एकाच रकान्यात भरले की हे होत नाही. एकगठ्ठा बदलाने यादीतली पुस्तकांची नावेही बिघडली होती, पण यादी ताजी केल्यावर ती आपोआप पूर्ववत झाली. मजकुरातली अवतरणे तशी सुधारत नाहीत, ती मूळ प्रतीशी ताडून हाताने नीट केली.

आवाज जुळवण्याचे काम मी मुद्दाम शेवटी ठेवले, आणि ते तिथेच असावे असे माझे ठाम मत आहे. आधी शैली गुळगुळीत केली की खालच्या विसंगती झाकल्या जातात. एका भागात ‘आम्हांस आढळले’, दुसऱ्यात ‘प्रस्तुत अभ्यासात निदर्शनास येते’, तिसऱ्यात ‘सिद्ध होते’. यांत नुसता चवीचा फरक नाही. वाचकाला प्रत्येक वाक्यातून कळायला हवे की हे कोण म्हणते आहे. म्हणून आम्ही एवढेच ठरवले: निर्णय आमचा असेल तिथे ‘आम्ही’, साधनात लिहिलेले असेल तिथे ते साधन कर्ता, आणि दोन साधने जुळून निघणारे असेल तिथे ‘यावरून दिसते’. ‘सिद्ध होते’ कुठेच नाही.

एक वाक्य होते: ‘गावकऱ्यांनी ग्रंथालयासाठी मोठ्या उत्साहाने वर्गणी दिली.’ वर्गणी दिल्याची नोंद खरी. गावकऱ्यांनी रक्कम उभी केली की तेवढीच भर संस्थानाने आणि तेवढीच स्थानिक पंचायतीने घालायची, अशी ती पद्धत होती. उत्साह मात्र संस्थानाच्या स्वतःच्या अहवालातला शब्द आहे. वाक्य असे केले: ‘गावकऱ्यांनी वर्गणी दिली, प्रशासन अहवाल त्यांच्या उत्साहाचा उल्लेख करतो.’ ताईंना ते आधी कोरडे वाटले. मग त्यांनीच आपल्या भागातली तशी आणखी चार वाक्ये शोधून दिली.

दोन भागांच्या सांध्यावर प्रत्येक भागाचा शेवटचा परिच्छेद पुढच्या भागाच्या लेखकाने लिहिला. आपल्याला पुढे काय हवे आहे हे त्यालाच ठाऊक असते.

रात्री नऊला तुलनेचा तक्ता नव्याने मांडला आणि वर्षांच्या स्तंभापाशी अडलो. दोन्ही भागांत ‘१९१०-११’ होते. एक आले होते प्रशासन अहवालातून, ज्याचे वर्ष ऑगस्टपासून जुलैपर्यंत. दुसरे सहकाऱ्याने संवत १९६७ वरून काढलेले. गुजरातचे संवत दिवाळीनंतर, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलते. म्हणून कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यातून ५७ वजा करायचे आणि जानेवारीपासून ५६. त्याचे गणित बरोबर होते. पण त्याचे वर्ष नोव्हेंबर ते ऑक्टोबर. अंक तेच असले तरी दोन्ही वर्षांत सामाईक महिने नऊच.

त्या कागदांवर महिना नव्हता, त्यामुळे आकडे वळवून घेण्याचा मार्गच नव्हता. तक्त्यात एका ओळीचे शीर्षक ‘१९१०-११, ऑगस्ट ते जुलै’ असे केले, दुसरीचे ‘संवत १९६७’. दोन ओळींमध्ये जाड रेघ ओढली आणि चर्चेतून ‘त्याच वर्षी’ हे दोन शब्द काढून टाकले.