मराठी भाषा गौरव दिन : नव्वद मिनिटांत बसवलेला कार्यक्रम

२७ फेब्रुवारीच्या कार्यक्रमाची आखणी मी परीक्षेच्या वेळापत्रकापासून सुरू करते. तेव्हा बारावीची परीक्षा चालू असते. शाळेत केंद्र असेल तर पेपर सुटेपर्यंत ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि बरेच वर्गही हाती नसतात. म्हणून तारीख तीच ठेवून वेळ तेवढी बदलायची.

त्यानंतर हिशेब मिनिटांचा. एका कवितेला दोन मिनिटे धरली, तरी मूल उठून माइकपर्यंत येणे, निवेदन, टाळ्या यांत आणखी एक मिनिट जाते. म्हणजे चौदा कवितांना अठ्ठावीस नव्हे, बेचाळीस मिनिटे लागतात. समूहगायनाला सहा, प्रास्ताविक आणि आभार मिळून आठ, चार पालकांना प्रत्येकी चार धरून सोळा. बेरीज बहात्तर. उरलेली अठरा मिनिटे मोकळीच ठेवायची, कारण उशिरा सुरुवात आणि बिघडलेला माइक ती खातातच. पंधरावी कविता घेण्याचा मोह इथेच होतो, घेऊ नये.

कवितेचे नाव आणि पहिले कडवे आठवडाभर आधी लिहून मागवले की एकच कविता तिघांनी निवडल्याचे वेळेत कळते. कविता लांब असेल तर कोणती कडवी म्हणायची हे शिक्षकांनी ठरवावे, नाहीतर मूल मधेच अडखळते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. क्रम लहान वर्गाकडून मोठ्या वर्गाकडे लावला की माइकचा स्टँड फक्त वर सरकवत न्यावा लागतो. शिवाय चिमुकली कंटाळण्याआधी मोकळी होतात.

खरी कसरत पालकांच्या भाषणांची. ‘मराठीविषयी दोन शब्द बोला’ असे सांगितले की चौघेही मातृभाषेचे महत्त्वच सांगतात, आणि तेही दहा-दहा मिनिटे. म्हणून प्रत्येकाला वेगळा, नेमका विषय द्यावा: आजीच्या तोंडच्या म्हणी, आपल्या व्यवसायातले मराठी शब्द, घरी मोठ्याने वाचलेले पुस्तक, आपल्या भागातली बोली. लिहून आणणाऱ्यांना तीनशे शब्दांची मर्यादा सांगावी. सावकाश वाचले तर साधारण तीन मिनिटे होतात. अडीच मिनिटांना पहिल्या रांगेतून चिठ्ठी दाखवली जाईल, हे आधीच सांगितले की कुणाला राग येत नाही. दोन भाषणे सलग ठेवू नयेत, मधे तीन-चार कविता असाव्यात.

पुस्तक प्रदर्शन कार्यक्रमानंतर उघडले तर कुणी थांबत नाही, रिक्षा-बसची घाई असते. ते सकाळीच उघडावे आणि एकेका वर्गाला पंधरा मिनिटे द्यावीत. साठ पुस्तके पुरेत. कणा दाखवून रांगेत लावलेली दोनशे पुस्तके कुणी हाताळत नाही. मुखपृष्ठ समोर ठेवावे, लहानांची पुस्तके बुटक्या बाकावर. ग्रंथपालांकडून दाखल क्रमांकांची यादी टेबलानुसार करून घ्यावी. संध्याकाळी एकेका टेबलाची मोजणी झाल्याशिवाय पुस्तके पेटीत भरू नयेत, कारण सगळी एकत्र झाली की हरवलेले पुस्तक कोणत्या टेबलावरचे होते हे शोधता येत नाही.